सहा किलोचं मूल आणि अर्ध्या लिटरची बाटली

(पावसाळ्यापूर्वीच्या परिचारिका प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी फक्त सलाईनबद्दल बोलणार आहे, आणि तेही शॉकमध्ये गेलेल्या मुलाच्या पहिल्या दोन तासांबद्दल. जुलाब-उलट्यांची मुलं येऊ लागायला आता फार दिवस उरले नाहीत. पाड्यावरून निघालेलं मूल आपल्या दारात येईपर्यंत कधी दहा-बारा तास जातात. येतं तेव्हा मान टाकलेली असते, हातपाय गार असतात आणि आई म्हणते, "डॉक्टर, लवकर बाटली लावा." बाटली लावायची हे बरोबर. पण किती लावायची?

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. रुग्णालयाचं नाव महत्त्वाचं नाही. रात्री दोनला एक मुलगी आली, दीड वर्षांची, नुसती हाडं आणि कातडी. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. मी ठरवलं, शरीरातलं पाणी पार संपलंय. सलाईनची बाटली लावली, धार पूर्ण सोडली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेलो. वजन केलं नव्हतं. तासाभराने परत आलो तेव्हा बाटली जवळजवळ रिकामी होती आणि मुलीला धाप लागली होती. छातीत बारीक बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. पहाटेपर्यंत ती गेली. कागदावर मी 'जुलाब, शॉक' असं लिहिलं. तिला मी काय दिलं होतं ते मला नंतर वजनाचा हिशेब केल्यावर कळलं.

तो हिशेब तुम्हीही करून पाहा. सहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून साधारण अर्धा लिटर. आणि आपली बाटली किती मिलीची? ५००.

आता मूळ मुद्दा. 'बोलस' म्हणजे घाईघाईने दिलेलं सलाईन नव्हे, तर वजनावर मोजलेला एक डोस. तो संपला की मुलाला पुन्हा तपासायचं आणि मगच पुढचा ठरवायचा. म्हणून आधी वजन. काटा नसेल तर आईला मुलासकट उभं करून वजन घ्या, मग आईचं एकटीचं घ्या आणि वजा करा.

दुसरी गोष्ट, शॉक आहे का हे ठरवणं. तीन गोष्टी बघायच्या. हात गार आहेत का; अंगठ्याचं नख तीन सेकंद दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का; नाडी बारीक आणि जलद आहे का. आपल्याकडे पावसात भिजून आलेल्या मुलाचे हात असेही गार असतात. म्हणून ओले कपडे काढा, कोरड्या कपड्यात गुंडाळा, आणि बोटांवर न थांबता मनगटापासून वर कोपरापर्यंत हात लावून बघा. नखाचे सेकंद घड्याळाच्या काट्यावर मोजा. घाईत मनातले सेकंद फार लवकर संपतात.

अंगापिंडाने बरं असलेलं, जुलाबाने कोरडं पडून शॉकमध्ये गेलेलं मूल असेल, तर किलोला २० मिली रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईन भरभर द्यायचं, लगेच तपासायचं, आणि शॉक तसाच असेल तर पुन्हा तेवढंच. त्या मुलाचं पाणी खरंच बाहेर गेलेलं असतं, ते भरून काढायचं असतं. यात फारसा वाद नाही.

पण ताप आहे, जुलाब नाहीत, न्यूमोनिया किंवा मलेरियाचा संशय आहे, अशा मुलाला इतक्या घाईने भरायचं नाही. २०११ साली आफ्रिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या, तापाने आजारी आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या तीन हजारांहून जास्त मुलांचा तो अभ्यास. काहींना भरभर बोलस दिला, काहींना दिला नाही. सगळ्यांना वाटत होतं, बोलसवाली जास्त वाचतील. झालं उलटं. पहिल्या ४८ तासांत बोलसवाल्यांपैकी शंभरात साधारण साडेदहा मुलं दगावली, न दिलेल्यांपैकी सव्वासात. व्हेंटिलेटर नसलेल्या, आपल्यासारख्याच रुग्णालयांतली ही मुलं होती. तेव्हापासून सांगितलं जातं की, अशा मुलात तिन्ही खुणा असतील तरच किलोला १० ते २० मिली, तेही अर्ध्या ते एका तासात, आणि मग तपासणी. एकच खूण असेल तर बोलस नाही. त्या अभ्यासात जुलाबाची आणि तीव्र कुपोषित मुलं घेतलेली नव्हती, हेही लक्षात ठेवा. त्यातला आकडा उचलून सगळ्यांना लावता येत नाही.

आता आपल्या मुलांकडे येतो, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी असलेल्यांकडे. यांच्यात दोन अडचणी आहेत. पहिली, कोरडेपणाच्या नेहमीच्या खुणा फसवतात. डोळ्यांमागची चरबी गेली म्हणून डोळे खोल दिसतात. कातडीखालची चरबी गेली म्हणून चिमटी उभी राहते. पाणी पुरेसं असलं तरी तसंच दिसतं. मी त्या मुलीत हेच पाहिलं आणि फसलो. दुसरी अडचण आतली. अशा मुलाच्या हृदयाचा स्नायूही बारीक झालेला असतो, पेशींमध्ये आधीच सोडियम जास्त साठलेलं असतं, आणि मूत्रपिंडं जादा पाणी-मीठ लवकर बाहेर टाकू शकत नाहीत. भरभर दिलेलं सलाईन मग फुप्फुसात उतरतं.

म्हणून या मुलांचा नियम वेगळा. मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे, हात गार आहेत, आणि शिवाय नखाचा रंग उशिरा येतो किंवा नाडी बारीक-जलद आहे, असं असेल तरच शिरेतून सलाईन. नाहीतर तोंडाने किंवा नाकातल्या नळीने. आणि शिरेतून द्यायचं ते किलोला १५ मिली, पूर्ण एका तासात.

गेल्या पावसाळ्यातलं एक मूल सांगतो. बावीस महिन्यांचा मुलगा, वजन सहा किलो, दंडघेर १०.६. तीन दिवस जुलाब. हाक मारली तर डोळे उघडत नव्हता. हात कोपरापर्यंत गार, नखाचा रंग यायला पाच सेकंद, नाडी १६८, श्वास ४६. सिस्टरनी सलाईनच्या आधी ग्लुकोमीटर लावला, साखर ४८. अशा वेळी १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला ५ मिली, म्हणजे ३० मिली. आपल्याकडे २५ टक्क्यांचंच असतं, म्हणून त्यातलं १२ मिली आणि डिस्टिल्ड वॉटर १८ मिली एकत्र करून शिरेतून दिलं. ऑक्सिजन लावला, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला.

मग सलाईन. सहा गुणिले पंधरा, नव्वद मिली. यात साखरही लागते, म्हणून पाच टक्के डेक्स्ट्रोज असलेलं रिंगर लॅक्टेट. ते तयार नव्हतं. ५०० च्या बाटलीतून १०० मिली काढून टाकलं आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजचं १०० मिली आत घातलं. बाटली थेट मुलाला जोडली नाही, मधे मापाचा पेडिया सेट लावला आणि त्यात नव्वद मिलीच भरून वरची चावी बंद केली. आता कोणी विसरलं तरी नव्वदच्या वर काही जाणार नाही. या सेटमध्ये साठ थेंबांचा एक मिली होतो, त्यामुळे तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब: नव्वद.

सुरू करण्यापूर्वी सिस्टरनी मुलाच्या पोटावर लिव्हरची कडा बोटाने चाचपून पेनाने रेघ मारली. नाडी आणि श्वास कागदावर लिहिले, आणि मग दर दहा मिनिटांनी. पूर्ण मिनिट मोजून. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं तर श्वासात चार-पाचाची चूक सहज होते, आणि आपल्याला तर पाचाचाच फरक पकडायचा असतो. श्वास पाचने वाढला आणि नाडी पंधराने वाढली, लिव्हर रेघेच्या खाली उतरलं, छातीत बारीक आवाज आले, मानेची शीर फुगली, की सलाईन त्या क्षणी बंद. डॉक्टरला फोन नंतर. चावी आधी.

या मुलाचं तसं झालं नाही. वीस मिनिटांनी नाडी १६०, चाळीस मिनिटांनी १५०, तास संपताना १४२ आणि श्वास ३८. लिव्हर रेघेवरच. रंग तीन सेकंदांत येऊ लागला, आईच्या आवाजाला डोळे उघडले. नाडी आणि श्वास दोन्ही उतरले याचा अर्थ पाणी कमीच होतं. म्हणून आणखी नव्वद मिली, पुन्हा एका तासात, पुन्हा तोच कागद. त्यानंतर शिरेतून बंद आणि नळीने कुपोषित मुलांचं ओआरएस, म्हणजे रेसोमाल, तासाला ६० मिली. पुढे एक तास ते, एक तास एफ-७५ दूध. रेसोमाल संपलेलं असेल तर नेहमीच्या कमी तीव्रतेच्या ओआरएसमध्ये पोटॅशियम घालून, डॉक्टरने लिहून दिल्याप्रमाणे.

पहिल्या तासानंतर काहीच सुधारलं नसतं तर? तेव्हा दुसरा बोलस द्यायचा मोह होतो, आणि तिथेच मुलं जातात. सुधारत नाही याचा अर्थ बहुधा हा जंतुसंसर्गाचा शॉक आहे, नुसता पाण्याचा नाही. सलाईन किलोला ४ मिली तासाला, म्हणजे या मुलाला २४, इतकं हळू करायचं आणि रक्ताची सोय बघायची: किलोला १० मिली, म्हणजे ६०, तीन तासांत सावकाश. आपल्याकडे रक्त नाही. म्हणून तासाच्या शेवटची वाट न बघता, चाळिसाव्या मिनिटाला कागदावर उतार दिसत नसेल तर १०८ ला फोन करा. घाटातून गाडी यायला जो वेळ लागतो तो तुम्हाला माहीत आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, पायांवर सूज असलेलं मूल शॉकमध्ये आलं तर? अंगात पाणी तर दिसतंय, मग सलाईन कशाला? सूज म्हणजे पाणी आहे, पण ते रक्तवाहिन्यांच्या बाहेर आहे. आत कमी असू शकतं. त्यामुळे खुणा त्याच, पंधरा मिली तेच, तास तोच. फक्त काट्यावरचं वजन सुजेमुळे जास्त भरतं. सात किलो दाखवणारं मूल खरं सहाचं असू शकतं. मी तिथे काट्यावरच्या आकड्यापेक्षा थोडं कमी धरतो, आणि दहाऐवजी पाच मिनिटांनी मोजायला सांगतो. त्यासाठी त्या तासाला एक सिस्टर त्याच खाटेपाशी बसलेली लागते. रात्रपाळीला दोघीच असतात, हे मला माहीत आहे. मग आईला चावी दाखवून ठेवा: श्वास जोरात व्हायला लागला की ही अशी बंद करायची आणि ओरडायचं. मेळघाटातल्या आयांनी हे केलेलं मी पाहिलं आहे.

आता समोरच्या टेबलावर पेडिया सेट मांडले आहेत. चौघी-चौघींनी या. पहिलं मूल आठ किलोचं, दंडघेर अकरा.