स्कीमचा खर्च कुठल्या खात्यात?



वर्षाचा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलेलाच आहे, तो मी पुन्हा घेत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि ती अशा व्यासपीठावरून बोलायची संधी मिळावी म्हणून मी बरीच वर्षं थांबलो आहे.

आपल्या छोट्या कंपन्यांत मार्केटिंगच्या बजेटची बैठक बसते, तेव्हा दुकानावरच्या पाट्या, रंगवलेल्या भिंती, आठवडी बाजारातले नमुने यांतल्या एकेका ओळीवर घासाघीस होते. स्कीमची मात्र त्या कागदावर ओळच नसते. ‘दहावर एक फ्री’ विक्रीच्या बिलातूनच निघून जातं. फ्री पाकिटाच्या नावापुढे शून्य रुपये लिहिलेले असतात, म्हणून तो खर्च कुणाला दिसत नाही. मग विक्री मंदावली की मालक दिसणाऱ्या खर्चावर कात्री चालवतात, म्हणजे पाट्यांवर आणि भिंतींवर. न दिसणारा खर्च त्याच वेळी दुप्पट होतो. याला मी बजेट म्हणायला तयार नाही.

मसाल्याच्या शंभर ग्रॅमच्या पाकिटाचा हिशेब मांडतो. सोयीसाठी आकडे गोल धरू. स्टॉकिस्टला पाकीट 44 रुपयांना जातं. कच्चा माल, पॅकिंग आणि भाडं मिळून 30 रुपये लागतात, हाती 14 राहतात. महिन्याला दहा हजार पाकिटं जातात. मार्चचं टार्गेट गाठायला ‘दहावर एक’ लावलं आणि पंधरा हजार गेली. सगळीकडे पेढे वाटले. एप्रिलमध्ये पाचच हजार गेली, तेव्हा उन्हाळ्याला दोष दिला. दोन महिने एकत्र धरा: विकली वीसच हजार, स्कीमशिवाय गेली असती तेवढीच. वर दीड हजार पाकिटं फुकट गेली. त्यांचे 45 हजार रुपये गेले ते गेलेच. मार्चमध्ये वाढलेली ती मागणी नव्हतीच. एप्रिलचा माल दुकानदाराने आधी उचलून ठेवला होता.

हे ओळखायचं कसं? स्टॉकिस्टच्या क्लोजिंगचा आकडा मागवून भागत नाही, कारण माल त्याच्याकडून पुढे सरकलेला असतो. दुकानात जावं लागतं. कऱ्हाडच्या एका किराणा दुकानात मी सेल्समनबरोबर उभा होतो. फळीवर पुढे पाच-सहा पाकिटं होती, ती काढून मागचं खोकं ओढलं, तर पाकिटांवर तीन महिन्यांपूर्वीची पॅकिंगची तारीख. मसाल्याचा वास पार उतरलेला. फ्री पाकीट गिऱ्हाइकाला देता का, असं विचारलं. दुकानदार सरळ म्हणाला, “ते आमचं मार्जिन, साहेब. पुढची स्कीम आली की ऑर्डर घ्यायला या.” म्हणजे ज्या बाईने ते पाकीट घरी न्यायचं, तिला स्कीमचा पत्ताच नव्हता.

सकाळच्या चर्चेत 60:40 वर बराच वाद झाला. लेस बिने आणि पीटर फील्ड यांनी 2013 मध्ये ब्रिटनमधल्या पुरस्कारासाठी आलेल्या मोहिमा अभ्यासून ते प्रमाण मांडलं: साठ टक्के ब्रँडवर, चाळीस तातडीच्या विक्रीवर. ती सरासरी आहे आणि मालाच्या प्रकारानुसार ती बदलते, हे त्यांनीच पुढे सांगितलं. माझ्यापुरता हा वाद एका तालुक्याने मिटवला. एका मसालेवाल्यांना मी एवढंच सुचवलं, की सगळीकडे नको, एका स्टॉकिस्टच्या भागात स्कीम बंद करा आणि तेच पैसे तिथेच खर्चा. एसटी स्टँडजवळच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, बाजारच्या दिवशी एका भाजीपुरत्या मसाल्याच्या पुड्या. सुरुवातीला विक्री पडली, स्टॉकिस्टने एजन्सी सोडायची धमकी दिली. मालकांनी दम धरला. वर्ष उलटायच्या आत बायका दुकानात नाव घेऊन मसाला मागू लागल्या आणि स्कीमसाठी अडून बसलेला दुकानदार पूर्ण दराने माल मागवू लागला.

मी स्कीमच्या विरोधात नाही. नवं पाकीट पहिल्यांदा फळीवर चढवायचं असेल, तर दुकानदाराला काहीतरी द्यावंच लागतं. दिवाळीच्या तोंडावर मोठ्या स्पर्धकाने दुकान भरून टाकलं, तर गप्प बसताही येत नाही. पगार थकलेल्या कारखान्याला ‘वर्षभर थांबा’ असं सांगायचा अधिकारही मला नाही. पण अशा स्कीमला सुरुवातीची तारीख असावी, शेवटची तारीख असावी आणि नंतरच्या दोन महिन्यांचा हिशेब तिच्याच नावावर लिहावा. दर महिन्याला येणारी स्कीम म्हणजे कमी केलेली किंमत, आणि एकदा कमी झालेली किंमत दुकानदार परत वाढू देत नाही.

या वर्षी आपण एक काम हाती घ्यावं. फ्री मालाची उत्पादन किंमत, दुकानदाराची सूट आणि जाहिरात, हे तिन्ही खर्च एकाच पानावर दिसतील असा साधा तक्ता तयार करायचा आणि सदस्यांनी तो निदान एका जिल्ह्यापुरता भरायचा. रकाने कोणते आणि भरलेले तक्ते कुणाकडे पाठवायचे, हे अजून ठरायचं आहे. लेखापाल मंडळींनी दुपारच्या सत्रानंतर थोडा वेळ थांबावं, म्हणजे निदान सुरुवात होईल.