पैशाला लागणारे डॅमरेज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना मध्येच झालेले हशे आणि विषयांतरे गाळली आहेत.)



संयोजकांनी मला सांगितले, "तू आयुष्यभर बँकेत होतास, तर बँकेवरच बोल, पण झोप येईल असे बोलू नको." पहिली अट पाळतो. दुसरीचा निकाल मागच्या बाकावरच्यांनी द्यावा, पूर्वीही तेच देत असत.

विषय मला आपल्याच एका वर्गमित्राने दिला. त्याचा मुलगा जर्मनीत नोकरी करतो. 2021 मध्ये त्याला त्याच्या बँकेचे पत्र आले की, खात्यातल्या पन्नास हजार युरोंच्या वरच्या रकमेवर यापुढे वर्षाला अर्धा टक्का शुल्क कापले जाईल. मित्राने मला रावेरहून फोन केला. म्हणाला, "काय भो, आपण पैसे ठेवायचे आणि वर बँकेलाच व्याज द्यायचे? आपल्या सरांनी सरळव्याज शिकवले, त्यात दर उणे असल्याचे एकही गणित नव्हते!"

खरेच नव्हते. आज ते गणित करू.

रावेरच्या माणसाला ही कल्पना समजवायला लांब जावे लागत नाही. स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरल्या जायच्या ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वॅगन ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडवून ठेवली की रेल्वे डॅमरेज लावते. हेतू असा की, वॅगन उभी राहू नये, फिरावी. उणे व्याजदर म्हणजे पैशाला लावलेले डॅमरेज. फक्त ते पहिल्यांदा तुमच्या-माझ्यावर लागत नाही, बँकांवर लागते. आपले जसे बँकेत खाते, तसे प्रत्येक बँकेचे मध्यवर्ती बँकेत खाते असते. दिवसाअखेर वापराविना उरलेली रक्कम तिथे पडून राहते. एरवी त्यावर थोडे व्याज मिळते. ते शून्याखाली नेले की बँकेला वाटावे, इथे पडून तोटा होण्यापेक्षा कमी दराने का होईना, कर्ज दिलेले बरे. कर्ज स्वस्त झाले की लोक घर बांधतील, कारखानदार यंत्रे घेतील आणि गोठलेला बाजार हलेल, असा हिशेब. शिवाय व्याज मिळत नाही म्हटल्यावर बाहेरचा पैसा देशात यायचा थांबतो आणि चलन फार महाग होत नाही. डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड यांचा मुख्य हेतू हा दुसराच होता.

युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जून 2014 मध्ये हा दर उणे 0.10 टक्के केला आणि टप्प्याटप्प्याने सप्टेंबर 2019 पर्यंत उणे 0.50 वर नेला. स्वित्झर्लंडने जानेवारी 2015 मध्ये उणे 0.75 गाठले. जपान 2016 च्या फेब्रुवारीपासून उणे 0.10 वर होता आणि तिथून मार्च 2024 मध्ये बाहेर पडला. युरोप आणि स्वित्झर्लंड त्याआधी 2022 मध्येच बाहेर आले होते. म्हणजे हा एखाद्या महिन्याचा प्रयोग नव्हता.

आता गणित. फळ्यावर लिहिल्यासारखे सावकाश करू. समजा, आपली एक बँक आहे. ठेवी 100 कोटी. त्यातले 80 कोटी कर्जाऊ दिले, 20 कोटी मध्यवर्ती बँकेत. शाखा, पगार, वीज असा वर्षाचा खर्च 1 कोटी 30 लाख.

सुरुवातीला मध्यवर्ती बँकेचा दर 2 टक्के आहे. कर्जावर 4 टक्के मिळतात, म्हणजे 3 कोटी 20 लाख. शिलकीवर 40 लाख. ठेवीदारांना दीड टक्का द्यायचा, म्हणजे दीड कोटी. हाती राहिले 2 कोटी 10 लाख. खर्च वजा जाता नफा 80 लाख.

आता मध्यवर्ती बँकेने दर दीड टक्क्याने उतरवून अर्ध्या टक्क्यावर आणला. कर्जाचा दर अडीचवर आला, उत्पन्न 2 कोटी. शिलकीचे 10 लाख. पण ठेवीचा दरही दीड टक्क्याने उतरून शून्यावर आला, म्हणजे ठेवीदारांना काहीच द्यायचे नाही. हाती पुन्हा 2 कोटी 10 लाखच! नफा तोच 80 लाख. दर उतरला म्हणून बँक मेली नाही, कारण दोन्ही बाजू बरोबरीने उतरल्या.

आता दर आणखी एका टक्क्याने उतरून उणे अर्ध्यावर गेला. कर्ज दीड टक्क्याने, उत्पन्न 1 कोटी 20 लाख. शिलकीवर आता आपणच 10 लाख भरायचे. आणि ठेवीचा दर? तो शून्यावरच अडला. कारण सामान्य ठेवीदाराला उणे दर सांगितला तर तो पैसे काढून घरच्या कपाटात ठेवेल. कपाट शून्य टक्के देते. हाती राहिले 1 कोटी 10 लाख आणि खर्च 1 कोटी 30 लाख. नफ्याच्या जागी 20 लाखांचा तोटा.

लोक सगळा राग मध्यवर्ती बँकेने कापलेल्या त्या 10 लाखांवर काढतात. पण उत्पन्न एकूण 1 कोटीने घटले आहे. त्यातले 80 लाख कर्जावरचे गेले, शिलकीकडून गेले 20 लाख. बँकेला कापणारे डॅमरेज छोटे आहे. खरा घाव, कर्जाचा दर खाली सरकतो आणि ठेवीचा सरकत नाही, त्या फटीतला आहे.

म्हणूनच युरोपने काढलेला उतारा मला नेहमी अपुरा वाटला. ऑक्टोबर 2019 च्या अखेरीपासून त्यांनी बँकांच्या शिलकीचा काही भाग शुल्कातून वगळला. सक्तीच्या राखीव निधीच्या सहापट रक्कम सुटली. तिथे राखीव निधी साधारण ठेवींच्या एक टक्का. म्हणजे आपल्या बँकेच्या 20 कोटींतले 1 कोटी राखीव आणि 6 कोटी सुटीचे सोडून उरलेल्या 13 कोटींवर शुल्क. 10 लाखांऐवजी साडेसहा लाख. साडेतीन लाखांची मलमपट्टी, जखम कोटीची.

मग बँका करतात काय? एक मार्ग म्हणजे कर्जाचा दर खाली येऊच न देणे. स्वित्झर्लंडमध्ये 2015 च्या त्या कपातीनंतर घरकर्जाचे दर चक्क वाढले. कर्ज स्वस्त करायला काढलेले हत्यार उलटे फिरले. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या ठेवीदाराला गाठणे. कारण एक लाख युरो कपाटात ठेवता येतात, पण कोट्यवधी ठेवायला तिजोरी, विमा, पहारा लागतो. म्युनिक रे या मोठ्या पुनर्विमा कंपनीने 2016 मध्ये काही रक्कम खरोखर रोख स्वरूपात तिजोरीत ठेवून पाहिली होती. तो खर्च आहे म्हणूनच दर शून्याच्या थोडा खाली जाऊ शकतो. फार खाली गेला की कपाट जिंकते.

बव्हेरियात टेगर्नझे तलावाकाठच्या ग्मुंड या छोट्या गावातल्या राइफायझन बँकेने सप्टेंबर 2016 पासून एक लाख युरोंवरच्या ठेवींना उणे 0.4 टक्के लावले. ही सहकारी बँक, आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकेची चुलत बहीण म्हणा. अशा बँकेचे भांडवल म्हणजे गावकऱ्यांच्या ठेवी. तिला बाजारातून स्वस्तात पैसा उचलायची सवय नसते. म्हणून फटीत आधी सापडते ती हीच. मोठ्या बँका रोख्यांच्या वाढलेल्या किमतीवर काही काळ तग धरतात. कर्जदारांचे हप्ते हलके झाल्याने बुडीत कर्जेही कमी होतात, हे मान्य केले पाहिजे. पण रोख्यांचा फायदा एकदाच मिळतो, फट मात्र दरवर्षी असते. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बचत खात्यांवर असे शुल्क लावणाऱ्या अटी अवैध ठरवल्या. मित्राच्या मुलाला मी हा निकाल लगेच कळवला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे तिकडचे. भारतात दर उणे कधीच झाला नाही. खरे आहे. पण त्या फटीची चव आपण चाखली आहे, तीही चौदा दिवस, आणि मी तेव्हा मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत बसलो होतो.

8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली. तुम्ही सगळे रांगेत होतात, आमच्याकडे ठेवींचा पूर आला होता. 26 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, 16 सप्टेंबर ते 11 नोव्हेंबर या काळात जेवढ्या ठेवी वाढल्या, त्या शंभर टक्के आमच्याकडे राखीव ठेवा. देशभर मिळून ही वाढ तीन लाख कोटींच्या वर होती. आणि आपल्याकडे राखीव निधीवर, म्हणजे सीआरआरवर, 2007 पासून बँकांना व्याज मिळत नाही. बचत खात्यावर बहुतेक बँका तेव्हा 4 टक्के देत होत्या. तोच पैसा एरवी रिझर्व्ह बँकेकडे रिव्हर्स रेपोत ठेवला असता तर 5.75 टक्के मिळाले असते. आता मिळत होते शून्य.

बघा, दर उणे नव्हता. पण ठेवीदाराला चार द्यायचे आणि स्वतःला शून्य मिळायचे, म्हणजे बँकेपुरते ते उणे चारच! सगळी रक्कम बचत खात्यातली आणि तीन लाख कोटी धरली, तरी चौदा दिवसांचे ठेवीदारांना द्यायचे व्याज माझ्या हिशेबाने साडेचारशे कोटींच्या वर जाते. आमच्या खोलीत त्या शनिवारी कोणी फारसे बोलत नव्हते.

मात्र रिझर्व्ह बँकेने हे तात्पुरते आहे असे सांगितले होते आणि ते पाळले. 2 डिसेंबरला बाजार स्थिरीकरण रोख्यांची मर्यादा 6 लाख कोटींपर्यंत वाढवली गेली. जास्तीचा पैसा शोषायचाच, पण व्याज देणारा रोखा हाती देऊन. आणि 10 डिसेंबरपासून ती शंभर टक्क्यांची अट उठली. युरोपात मात्र ही अवस्था आठ वर्षे चालली.

मघाशी चहाच्या वेळी सरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "हे सगळे ठीक, पण माझ्या मुदत ठेवीचे काय? ती उणे जाईल का?" सर, आपल्याकडचा रेपो दर सर्वांत खाली गेला तो मे 2020 मध्ये, 4 टक्क्यांवर. शून्य त्याहून फार दूर होते. पण त्या वर्षी एक वर्षाच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास मिळत होते आणि महागाई सरासरी सहा टक्क्यांच्या वर होती. पासबुकात तुमचे शंभराचे एकशे पाच झाले. बाजारात मात्र जे शंभराला मिळत होते, त्याला एकशे सहा लागू लागले. या उण्यात बँकेची फट पडत नाही, तिचे कर्जही रुपयांत आणि ठेवही रुपयांत. रुपया आपल्याच खिशातून जातो आणि त्याचे पत्र कोणाला येत नाही.