सोडा, पोट आणि हाडं

उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर गार सोडा प्यायलात, की ढेकर येतो. बाटलीत दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पोटात मोकळा होतो, पोट फुगतं. ते ताणलं की अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडून काहींना जळजळ होते.

हाडं मात्र या वायूने झिजत नाहीत. तो ढेकरातून, श्वासातून निघून जातो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात २००६ साली कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी दिसली. कारण त्यातून सिद्ध झालं नाही, पण इतर फसफसणाऱ्या पेयांचा तसा संबंध आढळला नाही. म्हणजे दोष बुडबुड्यांचा नव्हे.

जळजळ वारंवार होत असेल, तर सोड्यावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.