वडाची बी आणि मिठाचे पाणी

वडोदऱ्याच्या नावातच वड आहे, म्हणून ब्रह्म आणि आत्मा समजून घ्यायला वडापासूनच सुरुवात करू. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ फोडायला सांगतो. आत बारीक बिया दिसतात. त्यातली एक फोडल्यावर मात्र काहीच दिसत नाही. या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा आहे, असे बाप म्हणतो. जगाच्या मुळाशी असलेल्या या सूक्ष्माला तो ‘सत्’ म्हणतो. वेदान्ती त्यालाच ब्रह्म म्हणतात.

इथे माझे विद्यार्थी हमखास अडतात : दिसत नाही, म्हणजे शून्यच ना? उत्तर पुढच्याच खंडात आहे. रात्री पाण्यात टाकलेले मीठ सकाळी हाती लागत नाही. पण वरून, मधून, तळातून, कुठूनही घोट घ्या, पाणी खारटच.

आता शेवटची पायरी. ते सत् हाच आत्मा आणि ते तूच आहेस, असे उद्दालक सांगतो. म्हणजे आत्मा ही शरीरात दडलेली चिमुकली वस्तू नव्हे, आणि श्वेतकेतूचा विद्येचा ताठाही नव्हे. शंकराचार्य इथे पूर्ण ऐक्य वाचतात. मध्वाचार्य पदच्छेद बदलून ‘ते तू नाहीस’ असे वाचतात. वाद वडाचा नाही, ‘तू’ या शब्दाचा आहे.