दादरा, तिमोर आणि अनुल्लंघनीय नियम
(तुळिंज येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



दोन व्यक्तींमधील करार त्या दोघांपुरता असतो, आणि दोघांची संमती असेल तर तो मोडताही येतो. राष्ट्रांचा कायदाही बव्हंशी असाच आहे. परंतु काही नियम असे आहेत की ज्यांच्या विरुद्ध दोन राष्ट्रांनी केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो. त्यांना ‘जस कोजेन्स’, म्हणजे अनुल्लंघनीय नियम म्हणतात. अशा नियमाचे पालन हे एका शेजाऱ्याचे नव्हे, तर साऱ्या राष्ट्रसमुदायाचे देणे असते. ही कल्पना आपल्याच परिसरातील एका खटल्यातून समजून घेऊ.

पोर्तुगीजांचा अंमल वसईत १७३९ पर्यंत होता हे आपण जाणतोच. पुढे १७७९ मध्ये पेशव्यांनी त्यांच्याशी तह केला आणि त्यानुसार दादरा व नगरहवेलीतील काही गावांचे वार्षिक बारा हजार रुपयांचे उत्पन्न त्यांना लावून दिले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हे प्रदेश मुक्त केले. भारताने पोर्तुगीज फौजांना आपल्या भूमीतून तेथे जाऊ दिले नाही, म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, पेशव्यांनी दिला तो महसुलाचा हक्क होता, सरंजामासारखा, सार्वभौमत्व नव्हे. तथापि इंग्रजांनी पुढे पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती. जुन्या वहिवाटीमुळे खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती, सशस्त्र दलांना नव्हती. आणि १९५४ मध्ये वाट रोखताना भारताने कर्तव्यभंग केला नाही. तेथील जनतेला कोणते राज्य हवे, हा प्रश्न मात्र या निकालाचा आधार झाला नाही. सारा हिशेब वहिवाटीचा होता.

या निकालाची एक बाजू आपण विसरू नये. पोर्तुगालने नेमलेले न्यायाधीश फर्नांडिस यांनी आपल्या भिन्नमतपत्रात ‘जस कोजेन्स’ हाच शब्द वापरला, आणि तो वाटेच्या हक्कासाठी! साम्राज्याच्या रक्षणासाठीही हा शब्द उच्चारता येतो. मग खरा अनुल्लंघनीय नियम ओळखावा कसा? १९६९ च्या व्हिएन्ना करारसंहितेचे ५३ वे कलम कसोटी देते: राष्ट्रांच्या एकूण समुदायाने तो अपवाद न चालणारा म्हणून मान्य केलेला असला पाहिजे. एकट्या फिर्यादीच्या म्हणण्याला किंमत नाही. भारत या संहितेचा सदस्य नाही. परंतु हे नियम सहीवर अवलंबून नसतात. १९७० मध्ये याच न्यायालयाने बार्सिलोना ट्रॅक्शन खटल्यात आक्रमण, वंशसंहार, गुलामगिरी आणि वांशिक भेदभाव यांविरुद्धची कर्तव्ये सर्व राष्ट्रांप्रति असल्याचे सांगितले.

आता काळाचा सूड पाहा. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांनी पूर्व तिमोरच्या समुद्रातील तेलाबाबत करार केला. तिमोर इंडोनेशियाने १९७५ मध्ये बळाने घेतलेला. १९९१ मध्ये पोर्तुगाल पुन्हा हेगला गेला. या वेळी वसाहतीच्या वाटेसाठी नव्हे, तर तिमोरी जनतेच्या स्वयंनिर्णयासाठी. १९९५ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की स्वयंनिर्णयाचा हक्क सर्वांप्रति कर्तव्य निर्माण करतो. पण इंडोनेशिया न्यायालयासमोर नव्हता. त्याच्या वर्तनाचा निवाडा केल्याशिवाय ऑस्ट्रेलियाचा निवाडा होत नव्हता. म्हणून न्यायालयाने खटल्याच्या गुणवत्तेवर निकाल दिलाच नाही.

येथेच या कल्पनेची मर्यादा आहे. नियम सर्वांवर बंधनकारक असणे वेगळे आणि न्यायालयाचे दार उघडणे वेगळे. दारासाठी राष्ट्राची संमती अजूनही लागते. गांबियाने म्यानमारवर २०१९ मध्ये वंशसंहाराचा खटला भरला, तो चालू शकला याचे कारण दोघेही वंशसंहारविरोधी कराराचे सदस्य आहेत आणि त्या करारातच न्यायालयाचे दार आहे.

दार बंद असले तरी कर्तव्य संपत नाही. गंभीर उल्लंघनातून निर्माण झालेल्या स्थितीला मान्यता न देणे आणि ती टिकवण्यास साहाय्य न करणे हे प्रत्येक राष्ट्राचे काम आहे. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने पॅलेस्टाइनच्या व्याप्त प्रदेशाबाबत हेच सल्लामत दिले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये आमसभेत त्याच्या अंमलबजावणीचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला.

ज्या देशाने दादऱ्यात वसाहतीच्या फौजेला वाट नाकारली, त्याने हे मत दिले. सल्लामत म्हणजे हुकूमनामा नव्हे, हे खरे. पण साहाय्य न करण्याचे कर्तव्य त्या मतामुळे निर्माण झालेले नाही. ते आधीपासूनच आहे. तेव्हा सरकारला विचारायचे ते एवढेच: आपली शस्त्रे, आपला व्यापार आणि आपले मौन यांपैकी काय साहाय्यात मोडते? हा हिशेब मागण्यासाठी हेगला जावे लागत नाही. तो संसदेत आणि सभेत मागता येतो.