‘जमेल तसं पाठवा’ असं लिहू नका: सहलीचा हिशोब आणि एक मेसेज

रिसोडहून बोलतोय. मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच तक्रार केली: ट्रिप मस्त होते, पण काँट्री गोळा करताना दोस्ती घाईला येते. तर आज माझीच गोष्ट सांगतो. नावं बदलली आहेत आणि आकडे सोयीसाठी गोल केलेत.

जानेवारीत आम्ही पाच जण फिरायला गेलो. शनिवारी, १० तारखेला, सकाळी रिसोडहून निघालो. लोणारचं सरोवर बघितलं, सिंदखेड राजाला थांबलो आणि रात्री संभाजीनगरला मुक्काम केला. रविवारी वेरूळच्या लेण्या बघून परत. गाडी सागरची होती. प्रतीक पुण्याला असतो, तो बसनं थेट संभाजीनगरला आला आणि तिथूनच परत गेला. बाकी मी, वैभव आणि अक्षय.

एकूण खर्च १२,००० रुपये. सोमवारी मी ग्रुपवर मेसेज टाकला: ‘भावांनो, टोटल १२ हजार झाले, प्रत्येकी २,४००. जमेल तसं पाठवा.’ चार अंगठे आले. पैसे कोणाचेच नाही.

सोळा दिवस गेले. माझ्या खिशातून ७,००० गेलेले, त्यामुळे मला राग येत होता. शेवटी प्रतीकला फोन केला, ‘काहून पैसे पाठवून नाही राहिला बे?’ तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘अरे, शनिवारी मी गाडीत नव्हतोच, लोणारला नव्हतोच. पण ग्रुपवर बोललो असतो तर चिंधी वाटलो असतो.’

तिथं माझी ट्यूब पेटली. माझा मेसेजच चुकीचा होता. सागरनं पेट्रोल आणि टोलचे ३,६०० आधीच भरले होते आणि मी त्याच्याकडे वर २,४०० मागत होतो! अक्षयचा शनिवारचा उपवास, तो दिवसभर स्वतःच्या पैशानं आणलेल्या केळांवर होता, आणि मी त्याच्याकडून आमच्या जेवणाचे पैसे मागत होतो. सगळे बरोबर होते आणि सगळे गप्प होते.

मग कागद घेऊन बसलो. पहिलं काम म्हणजे प्रत्येक खर्चापुढे दोन गोष्टी लिहायच्या: पैसे कोणी भरले आणि तो खर्च कोणाकोणाचा. आमचे खर्च असे होते:

पेट्रोल आणि टोल ३,६००: सागरनं भरले, चौघांत, प्रत्येकी ९००.
दोन रूम ४,०००: मी भरले, पाच जणांत, प्रत्येकी ८००.
शनिवारी दिवसाचं खाणं १,२००: वैभवनं भरले, तिघांत, प्रत्येकी ४००.
शनिवार रात्र आणि रविवारचं खाणं ३,०००: मी भरले, पाच जणांत, प्रत्येकी ६००.
वेरूळची तिकिटं २००: अक्षयनं काढली, पाच जणांत, प्रत्येकी ४०.

संभाजीनगर ते वेरूळ प्रतीक गाडीत होता, पण तेवढ्याचे पैसे धरायचे नाहीत असं आम्ही चौघांनी ठरवलं. असे निर्णय घ्यायला हरकत नाही, फक्त ते लिहून दाखवायचे.

आता प्रत्येकाचा वाटा काढा. माझा, सागरचा आणि वैभवचा २,७४०. अक्षयचा २,३४०. प्रतीकचा १,४४०. बेरीज १२,०००. ही बेरीज जुळलीच पाहिजे, नाही जुळली तर मेसेज पाठवायचा नाही. मग भरलेल्या रकमेतून वाटा वजा करा. मला ४,२६० यायचे, सागरला ८६० यायचे. वैभवनं १,५४० द्यायचे, अक्षयनं २,१४०, प्रतीकनं १,४४०. येणं ५,१२० आणि देणं पण ५,१२०. हा दुसरा ताळा.

आता कोणी कोणाला पाठवायचे? मी ठरवलं की तिघांनी मला पाठवायचे आणि मी सागरला ८६०. म्हणजे कोणालाच दोन ठिकाणी पैसे पाठवायचे नाहीत. आणि सागरचे ८६० मी मेसेज टाकायच्या आधीच पाठवून दिले. मागणाऱ्यानं आधी स्वतःचं देणं चुकतं केलं की त्याचा मेसेज वेगळ्या कानानं ऐकला जातो.

२८ जानेवारीला टाकलेला मेसेज हा:

‘मागचा २,४०० चा हिशोब चुकला होता, सॉरी. नवा हिशोब फोटोत आहे.
वैभव १,५४०, अक्षय २,१४०, प्रतीक १,४४०, मला पाठवा. सागरचे ८६० मी दिले.
काही सुटलं असेल तर शुक्रवार ३० पर्यंत सांगा. त्यानंतर आकडा बदलणार नाही.
पैसे गुरुवार ५ फेब्रुवारी, रात्री ९ पर्यंत. माझ्या याच नंबरवर, फोनपे किंवा जीपे. माझं पूर्ण नाव दिसलं तरच पाठवा, नोटमध्ये ‘वेरूळ’ लिहा.
तारीख जमत नसेल तर मला एकट्याला कळवा.’

यात दोन तारखा आहेत, बघा. पहिली चूक दाखवायची, दुसरी पैसे द्यायची. पहिली नसेल तर पैसे द्यायच्या दिवशीच कोणाला तरी आठवतं, ‘अरे, पार्किंग मी दिली होती.’ आणि ५ तारीख अशासाठी की तोपर्यंत पगार होतात.

पूर्वी यूपीआयवर मित्राला थेट रिक्वेस्ट पाठवता यायची. फसवणूक वाढली म्हणून व्यक्तीनं व्यक्तीकडे पैसे मागायची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे आता मेसेजच नीट लिहावा लागतो. आणि पैसे घेणाऱ्याला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे विसरू नका.

एक अडचण आली. वैभवचे पैसे कापले गेले, पण मला आले नाहीत. तो पुन्हा पाठवायला निघाला, मी थांबवलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे अडकलेले पैसे फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. ते आले, मग त्यानं पुन्हा पाठवले. घाई केली असती तर दोनदा जायचे आणि नवा हिशोब सुरू.

प्रतीकचे पैसे दहा मिनिटांत आले. अक्षयनं रात्री फोन केला. तो इथंच अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतोय, पगार नाही. म्हणाला, ‘निम्मे ५ ला देतो, निम्मे २० ला. ग्रुपवर सांगू नको.’ मला वाटत होतं तो विसरला. तो विसरला नव्हता, सोळा दिवस तो ग्रुप उघडायलाच घाबरत होता.

म्हणून मी ग्रुपवर ‘कोणाचे आले, कोणाचे राहिले’ अशी यादी टाकली नाही. ५ तारखेला एवढंच लिहिलं, ‘वेरूळचा हिशोब पूर्ण.’ राहिलेले १,०७० हा माझा आणि अक्षयचा विषय होता, आणि २० तारखेला सकाळीच ते आले.

आता चिखलदऱ्याचं ठरतंय. यावेळी अक्षयनं निघायच्या आधीच विचारलं, ‘अंदाजे किती लागतील?’ मी आकडा सांगितला आणि तो येतोय.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!