जालना जिल्ह्याचा नकाशा आणि मदतीचा क्रम
समितीच्या देणगीदारांच्या सभेत केलेले भाषण



आपण दिलेल्या द्रव्याचा हिशेब अहवालात छापला आहेच. तो येथे वाचून दाखवून आपला वेळ आम्ही घेत नाही. परंतु गेल्या सभेनंतर कित्येक आश्रयदात्यांनी आम्हांस एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला की, दोन गावी पाऊस सारखाच उणा पडला असता एकास कडबा आधी का पाठविला, व गोदावरीच्या काठच्या गावास मदतीची गरजच काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भिंतीवर टांगलेल्या या नकाशात आहे, म्हणून तो आपणांसमोर ठेवून आम्ही कसा विचार करतो ते सांगतो.

प्रथम जिल्ह्याचे स्थान पाहावे. जालना शहर समुद्रकिनाऱ्यापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक आत आहे, आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. नैर्ऋत्येचे वारे घाट चढताना आपले बहुतेक पाणी तेथेच टाकतात. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस होतो. तेच वारे घाट उतरून आमच्याकडे येतात तोवर कोरडे झालेले असतात, आणि जालन्याच्या वाट्यास सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येतो. पुढे नागपुराकडे गेले म्हणजे तो पुन्हा वाढतो, कारण तिकडे बंगालच्या उपसागरातून येणारी वादळी हवा पोहोचते. आपला जिल्हा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे. ती हवा चुकली तर दुसरीकडून भरपाई होण्याचा मार्ग उरत नाही.

आता नद्या पाहा. गोदावरी आमच्या दक्षिण सीमेवरून वाहते. अंबड, घनसावंगी व परतूर हे तालुके तिच्या काठाला आहेत, पलीकडे बीड जिल्हा. उत्तरेस अजिंठ्याचे डोंगर, तेथून भोकरदन व जाफराबादकडून पूर्णा उतरते. मध्ये दुधना, आणि तिला मिळणारी, जालना शहरातून जाणारी कुंडलिका. (एका देणगीदारांनी विदर्भातील पूर्णेला पूर आल्याचे वाचून आमचे अभिनंदन केले होते. ती पूर्णा निराळी. ती पश्चिमेस वाहत जाऊन तापीस मिळते. आमची पूर्णा गोदावरीस मिळते. नाव एक, पाणी दोन दिशांस.)

जालना शहर सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे, आणि गोदावरीचे पात्र त्याहून बरेच खाली. पाणी चढावर जात नाही, एवढे ध्यानात धरले की "नदी जवळ असूनही तहान का?" याचे उत्तर मिळते. कुंडलिकेचा उगमाकडचा भाग लहान. तेवढ्याच भूमीवर पडलेला पाऊस तिच्यात येतो, आणि तेथे पाऊस उणा झाला की शहर कोरडे. उलट गोदावरीचे पाणी त्र्यंबकेश्वर व नाशिककडचे. आमच्या आभाळात ढग नसताही तिला पूर येतो. म्हणून काठच्या गावांची स्थिती पाहताना आम्ही नाशिककडचा पाऊस आणि पैठणच्या जायकवाडी धरणातील साठा विचारतो. २०१२ साली तो पाऊसही थिटा पडला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात ज्या शेतकऱ्यांनी मोसंबीच्या बागा कालव्याच्या वा विहिरीच्या भरवशावर लावल्या होत्या, त्यांची झाडे उभी वाळली.

मुख्य गोष्ट मातीची आहे, आणि येथे आम्ही थोडे थांबतो. आमची सर्व भूमी काळ्या खडकाची, परंतु त्यावरील मातीची जाडी एकसारखी नाही. गोदावरी व दुधना यांच्या खोऱ्यांत खोल काळी माती आहे. अजिंठ्याच्या उतारावर हलकी, मुरमाड, वीतभर खोल. एक मीटर खोल काळी माती पिकाच्या कामी येणारे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. वीतभर हलकी माती पंचवीस ते तीस. पिकास दिवसाला चार ते पाच मिलिमीटर लागते. तेव्हा हलक्या जमिनीवर पाऊस थांबल्यापासून सहा-सात दिवसांत पीक माना टाकू लागते. काळ्या जमिनीत ते पाच आठवडे तग धरू शकते.

आता एक उदाहरण घेऊ. एक गाव भोकरदनच्या उतारावर, दुसरे घनसावंगीत गोदाकाठी. दोन्ही गावी पर्जन्यमापकात साडेतीनशे मिलिमीटर, म्हणजे निम्मा. आकड्यावरून दोघे सारखे. पण समजा, जून-जुलैत अडीचशे पडला, नंतर पाच आठवडे उघडीप, आणि सप्टेंबरात शंभर. उतारावरील बाजरी ऑगस्टातच गेली. मागाहून आलेला पाऊस त्या उथळ मातीत मावत नाही, वाहून जातो. खालच्या गावी खरीप मोडला तरी सप्टेंबरचे पाणी जमिनीत मुरते, रब्बीची ज्वारी पेरता येते, आणि ज्वारी झाली म्हणजे कडबाही होतो. अशा वर्षी कार्तिकात आम्ही पहिली गाडी भोकरदनकडे नेऊ.

उलट समजा, ऑगस्टअखेर तीनशे मिलिमीटर नेमस्तपणे पडला आणि सप्टेंबर कोरडा गेला, पन्नासच. उताराच्या गावी बाजरीचे थोडेबहुत धान्य हाती आले. खालच्या गावी ज्या शेतकऱ्यांनी रब्बीसाठी रान मोकळे ठेवले होते, त्यांची ज्वारी उगवून वाळली, आणि माघापासून त्यांच्या दावणी रिकाम्या. येथे पहिली गाडी गोदाकाठी. एकच साडेतीनशेचा आकडा, आणि दोन्ही वेळी उत्तर उलटे.

पाण्याचा प्रश्न मात्र चाऱ्यापासून निराळा धरावा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिला पाऊस त्या भेगाच गिळतात; शेत ओले दिसते, पण ओढा वाहत नाही आणि तलाव भरत नाही. त्यामुळे पिके बरी असलेल्या गावीही चैत्रात विहीर आटते. विहिरीचे पाणी बहुतांशी मुरूम व फुटलेल्या खडकात असते. खाली अखंड काळा पाषाण लागला की आणखी खोदणे म्हणजे आपले द्रव्य दगडात घालणे होय. एका वर्षी आम्ही तालुक्याची सरासरी पाहून एका गावची विहीर अशीच खोल करविली, आणि तिला पाणी आले नाही. दोष आमचा होता. नकाशा उघडण्यापूर्वी आम्ही पैसा दिला होता.

एक गोष्ट आणखी सावधगिरीची. पर्जन्यमापक एका मंडळास एक, आणि मंडळात गावे अनेक. वळवाची सर एका शिवारात पडते, दुसऱ्यात धूळ उडते. म्हणून आकडा हाती आल्यावर आम्ही गावच्या ओढ्यास पाणी किती दिवस होते आणि रब्बीची पेरणी कोणत्या आठवड्यात झाली, हे दोन प्रश्न विचारतो. या दोन उत्तरांनी मापकाची चूक बहुधा उघडी पडते.

आजच्या घडीस आपली यादी याच क्रमाने लावली आहे: गावाच्या नावापुढे उंची, मातीची खोली, जून ते सप्टेंबर प्रत्येक महिन्याचा पाऊस, आणि ओढ्याचे शेवटचे पाणी. ज्या आश्रयदात्यांस आपले द्रव्य कडब्यास, पाण्याच्या गाडीस वा विहिरीस कोठे लागावे हे स्वतः ठरवावयाचे असेल, त्यांनी ती यादी मेजावरून घ्यावी आणि आपले नाव ज्या गावापुढे घालावयाचे त्या गावावर खूण करावी.